पानाच्या खोलीतले बूट

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली न्हाई. बाजारात कुणाच्या पायावर पाय पडला तरी "मधी कावून उभा राहतो बे?" असं त्यालाच विचारणार. बस चुकली तर डायव्हर हरामखोर, भाजी खारट झाली तर मी आंधळी. हे म्हंजे रुद्रप्पा, माझा नवरा. वडवणीच्या बाजारपेठेत आमचं बूट-चपलांचं दुकान. मी गंगासागर. लगीन होऊन आले तवापासून गल्ल्यावर मी बसते आन् भांडायला हे बसतेत. दुकानात ह्यांच्या डोक्यावर पाटी होती, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". देवाच्या फोटोवर धूळ साचली तरी चालंल, ती पाटी हे रोज पुसायचे.

माझे सासरे पानाचे व्यापारी. खायची पानं. करंड्या यायच्या, त्या दुकानामागच्या दगडी खोलीत ठेवायच्या. खोली रस्त्यापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचं. भुईवर वाळू, वाळूवर पाणी शिंपडलेलं, खिडकीला ओलं गोणपाट. रोज सगळी पानं उलटीपालटी करायची, सडकं पान काढून फेकायचं. उन्हाळ्यात आमच्याकडं माणसाचं टाळकं तापतं, पण सासऱ्यांचं पान हिरवंगार राहायचं. ह्यांचं बालपण त्या खोलीत गेलं. थंड ठेवला की माल जगतो, हे ह्यांच्या डोक्यात तिथंच बसलं आन् तिथून कधी उठलं न्हाई.

मग गुटख्याच्या पुड्या आल्या. जो तो पुडी फाडून तोंडात टाकायला लागला, पानाला कोण विचारतो! सासरे गेले आन् ह्यांनी पानं बंद करून बूट-चपलांचं दुकान घातलं. टीव्ही घरोघर आलता, पोरासोरांना पांढरे बूट पाहिजे होते. पैल्याच उन्हाळ्यात दुकानाच्या पत्र्याखाली चपलांचा चिकट डिंक ढिला पडला आन् तळवे उघडले. एका गिऱ्हाईकानं तशी चपल हातात धरली आन् "आप्पा, ही तर जांभई द्यायली" म्हणून सगळ्या बाजाराला दाखवली. ह्यांना कुणी हसलेलं खपत न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळा भारी माल मागच्या पानाच्या खोलीत उतरवला. पुन्हा वाळू, पुन्हा पाणी, पुन्हा गोणपाट, आन् वर एक कुलर आणून बसवला. एकेक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारलेला.

"अवो, मी तिथं पापड ठेवलते, ते रुमालावाणी मऊ झाले," मी सांगितलं. "आगपेटी ठेवली तर काडी पेटंना."

"पापड आन् बूट एक हाय का? डोकं हाय का तुला?"

गिऱ्हाईक आलं की हे छाती फुगवून सांगायचे, रुद्रप्पाच्या मालाला ऊन माहीत न्हाई. आन् ते खरंच होतं. पाणी मात्र चांगलं माहीत होतं. आनखी एक गोष्ट. पानं हे रोज चाळायचे, पण बूट कधी चाळले न्हाईत. पान नासतं, बूट काय नासायलाय? असं ह्यांचं म्हणणं. नवा माल आला की जुन्यावर रचायचा. वरचा विकायचा, खालचा तसाच. त्यात फेसावाणी हलक्या तळव्याच्या बुटांचा एक मोठा लॉट ह्यांनी कुण्या बुडालेल्या व्यापाऱ्याकडून उचलला. त्याला म्हणतेत पी.यू.चा तळवा. हातात घेतला तर वजनच न्हाई. तो लॉट खोलीच्या तळाशी गेला आन् कितीतरी पावसाळे तिथंच पडून राहिला.

आता ताराबाईचं सांगते. ताराबाई डोंगराकडच्या वस्तीवरची, शेरडं-मेंढरं राखणारी. हातात सदा काठी, आन् जिभेला हाड न्हाई. नवरा वारल्यावर तिनं एकटीनं कळप राखला आन् पोरगी शिकवली. पोरगी बबिता, वाळक्या अंगाची, पण पळायला लागली की मेंढरामागचं कुत्रं मागं पडायचं. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. बीडच्या मैदानावर धावणी असती, त्यात नंबर लागला तर पुढं.

बाजाराच्या दिवशी मायलेकी दुकानात आल्या. ताराबाई म्हणली, "आप्पा, पोरीला पळायचे बूट पाहिजेत. हलके. आन् तोंड चालवू नको, माल दाखव."

"परवडल का तुला?"

"तू दाखव तर. मग बघू कुणाला काय परवडतं."

हे खोलीत गेले. त्या दिवशी वरच्या ढिगात तिच्या मापाचा नव्हता, म्हणून तळातला जोड काढून आणला. पांढराशुभ्र. बबितानं पायात घातला आन् तिचं तोंड असं उजळलं की मलाबी बरं वाटलं. ह्यांनी बजावलं, "हे रोज घालायचे न्हाईत. झिजतेत. परीक्षेच्या दिवशीच काढायचे. तवर पिशवीची गाठ सोडायची न्हाई." ताराबाईनं पिशवी जशीच्या तशी पत्र्याच्या पेटीत ठेवली. पोरगी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत अनवाणी मुरमावर पळाली. नवा जोडा भरतीच्या दिवशी काढला.

पुढच्या बाजाराला मी गल्ल्यावर होते. ताराबाई आली, पदर सोडला आन् पांढऱ्या गादीवर भुगा ओतला. ओलसर, चिकट, पिवळा भुगा. वरून बुटाचं कातडं फेकलं, त्याला तळवाच नव्हता.

"घे. तुझा माल घे."

"हे काय लावलंस?" हे उठले.

"दुसऱ्या चक्करला उजवा तळवा फाटला. तिसऱ्याला डाव्याचे तुकडे पडायला लागले. पोरगी तोंडावर आपटली. पुढं होती ती, सगळ्यांच्या पुढं होती! मागच्या पोरी तिला ओलांडून गेल्या आन् ती मातीत पडून राहिली. पुढल्या साली शेवटची भरती हाय तिची. मग वय बसत न्हाई. कळतंय का तुला?"

कुणीबी माणूस असता तर खाली बसला असता. हे पाटीकडं बोट दाखवून म्हणले, "वाच. येतं का वाचायला? वर्षभर कुठं ठेवले होते? शेरडाच्या मुतात ठेवले असशील. त्यानं गेले."

मला वाटलं आता ताराबाईची काठी बसती. पण ती नुसती म्हणली, "ठीक हाय आप्पा," आन् भुगा तिथंच ठेवून, नुसतं बुटाचं कातडं उचलून उतरली. त्या बाजारापासून ती आमच्या समोरच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. काठी उभी धरायची, काठीच्या टोकाला तो बिनतळव्याचा बूट टांगलेला. बोलायची कायबी न्हाई. कुणी विचारलं तर मात्र सगळं सांगायची, पैल्यापासून. गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवायचं, वळून तिच्याकडं बघायचं आन् पुढच्या दुकानात जायचं.

मी एके दुपारी खोलीत उतरले. कुलर घरघरत होता, भिंतीला हात लावला तर ओला. तळातली एक पिशवी सोडली. आंबट-उग्र असा वास आला. तळव्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर नख आत गेलं आन् खड्डा तसाच राहिला. दुसरा जोड वाकवला, बारीक चिरा पडल्या. तिसऱ्याचा तळवा बोटाला चिकटला. वरनं सगळे नवेकोरे! कातडं चमकतंय, एक ओरखडाबी न्हाई.

त्याच आठवड्यात औरंगाबादहून बूट कंपनीचा माणूस आला, बद्रीनाथ. ह्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई. गचांडी धरायचीच बाकी ठेवली.

"सडका माल देतो बे? सगळा परत ने!"

"ह्या लॉटची मी जबाबदारी घेत न्हाई. आमच्याकडून घेतलेलाच न्हाई तुमी." बद्रीनाथबी काही गरीब नव्हता. तो सरळ खोलीत उतरला, एक श्वास घेतला आन् वर येऊन हसला. "आप्पा, ही बुटाची खोली हाय का रोपवाटिका?"

"माल थंड ठेवतो मी."

"थंड न्हाई, ओला ठेवता. उन्हापासून वाचवलं ते बरोबर, डिंक टिकला. पण पी.यू.चं मरण पाण्यात असतं. हवेतली ओल त्या तळव्यात मुरती आन् आतले सांधे तोडत जाती. आतल्या आत. वरनं काही दिसत न्हाई. एक दिवस पायाचा भार पडला की भुगा. गरमी असली तर आनखी लवकर. तुमचा कुलर उन्हाळ्यात पाणी देतो आन् लाईट गेली की खोली उबते. वर प्लास्टिकची गाठ! आत अडकलेली ओल जाणार कुठं?"

"न वापरलेला बूट कसा खराब होतो रे? खोटं बोलतो बे."

"घाला न घाला, ओल आपलं काम करतीच. न वापरून तो झिजत न्हाई एवढंच. पी.यू.तबी दोन जाती हायेत. पॉलिएस्टरचा लवकर जातो, पॉलिईथरचा ओलीत जास्त टिकतो. पण बघून ओळखू येत न्हाई, कंपनीला विचारावं लागतं. म्हणून पी.यू. साठवायचाच न्हाई. खोक्यावर बनल्याचा महिना छापलेला असतो, तो बघायचा, जुना आधी विकायचा. ज्याला वर्षानुवर्षं ठेवायचा हाय त्यानं रबराचा घ्यावा न्हाईतर टीपीआरचा, म्हंजे रबरावाणी लवचीक प्लास्टिकचा. त्यांना ओलीचा हा रोग न्हाई."

"मला माल ठेवायला शिकवतो? माझ्या बापानं ह्याच खोलीत..."

"तुमच्या बापानं पानं ठेवली, आप्पा."

ह्यांनी त्याची बॅग उचलून रस्त्यावर फेकली. बद्रीनाथनं बॅग झटकली, माझ्याकडं बघून म्हणला, "काकू, कोरडी हवेशीर सावली. फळीवर, भुईवर न्हाई. पिशवीची गाठ सोडा, कागद कोंबा. बाकी तुमचं नशीब." आन् गेला. मग आला न्हाई.

मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडंल. कुठला! पुढच्या बाजाराला हे नवीन सदरा घालून दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आन् ताराबाईला हाक मारली. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

"ये ताराबाई! रुद्रप्पाचं मन मोठं हाय. तुझ्या पोरीला नवीन जोड देतो. फुकट. त्याच भारी मालातला. तो काठीवरचा बूट काढ आन् हा घेऊन जा."

लोक जमले. कुणीतरी "वा आप्पा" म्हणलं. ह्यांच्या हातात पिशवी, पिशवीला गाठ. कोणता जोड होता ते मला चांगलं ठाऊक होतं. ह्यांचा खरंच विश्वास होता का नुसती तोंडं बंद करायची होती, ते मला आजवर कळलं न्हाई. दोन्हीतलं कोणतंबी असो, राग तेवढाच येतो. त्या दिवशी आईसंगं आलेली बबिता पुढं आली. तिच्या गुडघ्यावरची खपली अजून गेली नव्हती. तिनं हात पुढं केला. शेवटची भरती, आन् पोरगी पुन्हा त्याच भुग्यावर उभी राहणार होती.

मी गल्ल्यावरून उठले. ह्यांच्या हातातून पिशवी हिसकली, दातानं गाठ सोडली, बूट काढला आन् दोन्ही हातांनी तळवा उलटा वाकवला. तो मधूनच फाटला. मी तुकडे मोडत गेले आन् ह्यांच्या पायापाशी टाकत गेले.

"हे बघा सगळ्यांनी," मी म्हणले. "खोलीतला सगळा माल असाच हाय. ताराबाईच्या शेरडांनी काही केलं न्हाई. आमच्या ओल्या खोलीनं केलं."

बाजारात बायकोनं नवऱ्याला असं उघडं पाडलेलं आमच्या समाजात कुणी पाह्यलं नव्हतं. ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. मारतील असं वाटलं. मारलं न्हाई. आत जाऊन बसले, पाठ फिरवून.

मी दुकानाच्या दारात दोरीला टांगलेले साधे कॅनव्हासचे बूट काढले. रबरी तळवा, हवेत लोंबकळणारे, त्याच हंगामात आलेले. त्यांच्यावर धूळ होती आन् हे त्यांना भिकारडा माल म्हणायचे. बबिताच्या पुढ्यात मी तळवा वाकवला, तो सरळ झाला. नख दाबलं, खड्डा राहिला न्हाई. तिला सांगितलं, "हे जड हायेत. पण फुटायचे न्हाईत. उद्यापासून रोज ह्यावरच पळायचं, पाय बसला पाहिजे. भिजले तर कागद कोंबून सावलीत वाळवायचे, चुलीपाशी न्हाई. पिशवीत बांधायचे न्हाईत. खुंटीला टांग."

"किती द्यायचे?" ताराबाईनं विचारलं.

"राहू दे."

"राहू दे म्हणणारी तू कोण? तुमचा माल घेऊन एकदा तोंडावर पडली माझी पोरगी, आता वर तुमचं फुकटाचं नको." तिनं पैसे गादीवर आपटले. "आन् तू काही साजूक नको होऊ. वर्षभर ह्याच गादीवर बसून विकतच होतीस. तू त्याचीच बायको."

माझ्या अंगाची लाही झाली. ज्या बाईसाठी मी घर पेटवलं तीच मला ऐकवायली! पण तिनं काठीवरचा बूट काढला, नालीत टाकला आन् त्या मायलेकी गेल्या. ताराबाई ओट्यावर पुन्हा बसली न्हाई.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलले न्हाईत. मीठ पाहिजे असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "मीठ." आमची लेक ईश्वरी सासरहून आली, रडली, दोघांच्या पाया पडली. हे ढिम्म हलले न्हाईत. खोलीला कुलूप घातलं, आत तो सगळा मेलेला माल, आन् कुलर चालू. कुणासाठी चालू? कुणासाठीच न्हाई. मला दाखवायला. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा ती घरघर मी भिंतीपलीकडून ऐकली. दुकानात मी फळ्या मारल्या, पिशव्या सोडल्या, रबराचा माल आणला, खोक्यावरचा महिना बघून जुनं पुढं लावलं. पी.यू. आणायचा तो थोडा, गिऱ्हाइकानं मागितला तर, आन् घेणाऱ्याला सांगायचं की बाबा, घालायला ने, ठेवायला नेऊ नको. ह्यांनी एका शब्दानं हो म्हणलं न्हाई की न्हाई म्हणलं न्हाई.

भरतीचा दिवस येऊन गेला. आमच्याकडं काही कळलं न्हाई. मी कुणाला विचारलं न्हाई. विचारायची हिंमतच झाली न्हाई.

मग एका बाजाराला ताराबाई पायरीवर उभी राहिली. वर चढली न्हाई. हातातले कॅनव्हासचे बूट तिनं गादीवर ठेवले. वरचं कापड अंगठ्यापाशी फाटलेलं, लाल मातीनं रंगलेलं. ते तिनं उलटे केले. तळवा झिजला होता, नक्षी पुसली होती, पण एक चीर नव्हती.

"लागली पोरगी," ताराबाई म्हणली. "ट्रेनिंगला गेली."

माझ्या डोळ्याला पाणी आलं. तिनं पदराची गाठ सोडली, कागदातला एक पेढा काढला आन् माझ्या हातावर ठेवला. मग ह्यांच्या पाठीकडं हनुवटी केली आन् मोठ्यानं म्हणली, "ह्याला देऊ नको." बूट उचलले आन् निघून गेली. आभार न्हाईत, काही न्हाई.

हे पाठ फिरवूनच बसले होते. मग ह्यांचा आवाज आला. एवढ्या महिन्यांत पैल्यांदा भिंतीशी न्हाई, माझ्याशी.

"तळवा?"

"शाबूत हाय," मी म्हणले.

हे उठले. कमरेची किल्ली काढली, पायऱ्या उतरले. मला आधी कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग कुलर बंद झाला. एवढी सवय झालती त्या घरघरीची की कानात दडे बसल्यावाणी झालं. मग खिडकीचं ओलं गोणपाट ओढून काढल्याचा आवाज. वर आले तेव्हा हाताला पिवळा भुगा लागलेला. तो त्यांनी धोतराला पुसला आन् गल्ल्यापाशी उभे राहिले, माझ्याकडं न बघता.

"ही खोली पानाचीच हाय," म्हणले. "चार करंड्या आणून बघावं म्हणतो."

मी पेढा मोडला आन् अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. ताराबाई काय बोलून गेली ते त्यांनी चांगलं ऐकलं होतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला न्हाई आन् खालीबी ठेवला न्हाई. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मूठ धरून तिथंच बसले होते.